कंपनीची कुंडली

बारावी कॉमर्सच्या वर्गात एका मुलीने उभे राहून विचारले, "बाई, माझे बाबा यंदा निवृत्त झाले. शेजारचे काका त्यांना फंडाच्या पैशातून एका कंपनीचे शेअर्स घ्या म्हणतात. कंपनी चांगली की वाईट, हे आपले आपल्याला कळू शकते का?"

बाईंनी धडा बाजूला ठेवला. "पाच पायऱ्यांत बरेचसे कळते. त्यासाठी कंपनीचा वार्षिक अहवाल हवा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा अहवाल बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तीन-चार वर्षांचे अहवाल समोर ठेवायचे."

पहिली पायरी म्हणजे कंपनी काय विकते आणि कोणाला विकते, हे दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. नाही आले, तर पुढे जायचेच नाही. दुसरी पायरी विक्री आणि नफ्याची. एकाच वर्षाचा नफा पाहून भुलू नये. जमीन विकूनही एखाद्या वर्षी नफा फुगतो.

तिसऱ्या पायरीवर बाई रेंगाळल्या, आणि ते योग्यच होते. नफा झाला म्हणजे पैसा आला, अशी बहुतेकांची समजूत असते. फळ्यावर त्यांनी एक काल्पनिक कंपनी मांडली. पहिल्या वर्षी विक्री १०० रुपये, नफा १२, गिऱ्हाइकांकडे उधारी २०. दुसऱ्या वर्षी विक्री १३०, नफा १६, उधारी ५०.

"कशी वाटते?"

"छान! नफा वाढलाय," मागच्या बाकावरून उत्तर आले.

"मग हिशेब करा. उधारी ३० रुपयांनी वाढली, म्हणजे १३० पैकी हातात १०० च आले. नफा १६, म्हणजे खर्च ११४. तो रोखीने भागवला असेल तर?"

"चौदा रुपये कमी पडले!"

"ते कुठून आणले?"

"कर्ज काढून."

तीच चौथी पायरी. अहवालातल्या रोख प्रवाहाच्या पत्रकात 'व्यवसायातून आलेली रोकड' असा आकडा असतो. नफा वर्षानुवर्षे वाढतोय, पण हा आकडा खाली किंवा उणे, आणि कर्ज चढते आहे, असे दिसले की थांबावे. व्याज आणि कर देण्यापूर्वीचा नफा व्याजाच्या दुपटीइतकाही नसेल, तर एका वाईट वर्षात कंपनी अडचणीत येऊ शकते. बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांना मात्र ही मोजपट्टी लावू नये. कर्ज घेणे आणि देणे हाच त्यांचा धंदा असतो.

"पण बाई, आकडेच खोटे असले तर?"

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शाबासकी द्यायला हवी, कारण पाचवी पायरी तिथेच सुरू होते. ती माणसांची पायरी. बाईंनी 'सत्यम कॉम्प्युटर'ची गोष्ट सांगितली. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळी नव्हतेच. त्याच दिवशी शेअरचा भाव १७९ रुपयांवरून ४० रुपयांवर आला. इथे रोकडच बनावट होती, त्यामुळे तिसऱ्या पायरीवर ही कंपनी पास झाली असती. लेखापरीक्षकांची सही असलेला ताळेबंद घरबसल्या खोटा ठरवता येत नाही.

तरी खुणा होत्या. संगणक सॉफ्टवेअरच्या या कंपनीने १६ डिसेंबर २००८ रोजी राजू कुटुंबाच्याच 'मेटास' नावाच्या दोन बांधकाम कंपन्या विकत घेण्याचे जाहीर केले होते. भागधारक खवळले, आणि काही तासांतच बेत रद्द झाला. शिवाय प्रवर्तकांचा स्वतःचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत होता आणि ते शेअर्स कर्जापोटी गहाण होते. गहाणाची ही बाब तेव्हा बाहेरच्या माणसाला सहज दिसत नसे. या प्रकरणानंतर, जानेवारी २००९ मध्ये, 'सेबी'ने ती जाहीर करणे बंधनकारक केले.

म्हणून पाचव्या पायरीवर तीन ठिकाणी बोट ठेवायचे, असे बाईंनी सांगितले. दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात प्रवर्तकांचा वाटा आणि त्यातले गहाण शेअर्स पाहायचे. अहवालाच्या टिपांमध्ये 'संबंधित पक्षांशी व्यवहार' शोधायचे: मालकाच्या भावाच्या, मेहुण्याच्या कंपनीला कर्ज दिले आहे का, त्यांची जमीन घेतली आहे का? आणि लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला असेल, तर त्याचे कारण वाचायचे. 'वैयक्तिक कारणास्तव' एवढेच लिहिलेले असेल, तर काकांना सांगायचे, की बाबांचे पैसे तूर्त बँकेतच राहू देत.