‘भाषांतर करा’ : उपशीर्षकांतील काळ आणि अक्षर

चित्रपटाच्या उपशीर्षकांची फाइल भाषांतरकाराच्या हाती पडते, तेव्हा तिच्यासोबत बहुधा एकच सूचना असते : ‘भाषांतर करा’. संवादांना दिलेले क्रमांक आणि वेळेच्या नोंदी बदलायच्या नाहीत, प्रेक्षकाला वाचता येईल एवढ्याच लांबीच्या ओळी करायच्या, या अटी त्या एका सूचनेत गृहीत धरलेल्या असतात. आपल्याकडील भाषांतरविचारात या प्रकारच्या कामाला फारसे स्थान मिळालेले नाही. ते तांत्रिक आहे, त्यात निर्मितीला वाव नाही, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखकाचे मत वेगळे आहे. या अटींपैकी काळाची अट अनुल्लंघनीय आहे आणि तिच्यातूनच भाषांतरकाराचे खरे अन्वयकार्य सुरू होते. अक्षरसंख्येची अट मात्र ज्या स्वरूपात मराठीला लावली जाते, ते स्वरूप तपासून घेण्याची गरज आहे.

प्रथम फाइलची रचना पाहू. सर्वाधिक प्रचलित अशा `.srt` प्रकारात प्रत्येक संवादखंडाचे चार घटक असतात : क्रमांक, आरंभ आणि अंत दर्शविणारी वेळेची ओळ, एक किंवा दोन ओळींचा मजकूर, आणि शेवटी एक रिकामी ओळ. पुढील दोन खंड या लेखासाठीच रचलेले आहेत.

```
41
00:06:10,200 --> 00:06:13,600
I would have told your mother
everything that very evening,

42
00:06:13,700 --> 00:06:15,900
if you hadn't begged me
to keep quiet.
```

स्वल्पविरामानंतरचे तीन अंक सेकंदाचे हजारावे भाग दाखवितात. म्हणजे ४१वा खंड पडद्यावर ३.४ सेकंद राहतो आणि ४२वा २.२ सेकंद. वेळेची ओळ संगणक वाचतो, मनुष्य नव्हे. तिच्यातील अंक देवनागरीत लिहिले किंवा बाणाच्या जागी लेखनसाधनाने आपोआप लांब रेघ टाकली, तर तो खंड पडद्यावर येत नाही. रिकामी ओळ गळाली, तर पुढचा क्रमांक आणि वेळ संवादाचाच भाग म्हणून दिसू लागतात. क्रमांकाचे प्रयोजन निराळे आहे. अनेक साधने वेळेवरूनच खंड दाखवितात. क्रमांक उपयोगी पडतो तो मुळाशी ताडून पाहणाऱ्या मनुष्याला. भाषांतरकाराने सोयीसाठी दोन खंड एकत्र केले, की तिथून पुढे मुळातील ४३ समोर भाषांतरातील ४२ येतो आणि ताडणी कोलमडते. अशा वेळी दोन्ही फाइलींचे शेवटचे क्रमांक जुळत नाहीत. दोष ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण होय.

येथवरची शिस्त कोणीही पाळू शकेल. अडचण सुरू होते ती वाक्यरचनेपाशी. वरील इंग्रजी वाक्यात मुख्य विधान आधी आणि अट नंतर आली आहे. मराठीचा सहज क्रम उलटा आहे : ‘गप्प राहण्यासाठी तू गयावया केली नसतीस, तर त्याच संध्याकाळी मी तुझ्या आईला सगळं सांगितलं असतं.’ वाक्य निर्दोष आहे. कादंबरीच्या भाषांतरात ते तसेच ठेवायला कोणाचीही हरकत नसावी. पण ते दोन खंडांत विभागले, तर ‘आई’ हा शब्द ४२व्या खंडात जातो. नटाच्या तोंडी तो ४१व्या खंडाच्या पूर्वार्धात आलेला आहे. त्या शब्दासरशी कॅमेरा ऐकणारीच्या चेहऱ्याकडे वळत असेल, तर मराठी प्रेक्षकाला ती का दचकली हे दोन-तीन सेकंद कळणार नाही. शिवाय वाक्याचा लांब भाग अधिक थोड्या वेळाच्या खंडात कोंबला जाईल.

यावर काही भाषांतरकार वेळेच्या नोंदीच सरकवितात किंवा दोन्ही खंड जोडून टाकतात. हा मार्ग वाक्याला न्याय देतो, चित्रपटाला देत नाही. खंडाचा आरंभ नटाच्या उच्चाराशी आणि अंत पुष्कळदा दृश्याच्या तुटीशी बांधलेला असतो. म्हणून बदलायचे ते वाक्य. मराठीत ‘सांगितलं असतं’ या रूपातच, ‘पण सांगितलं नाही’ हा अर्थ अंतर्भूत आहे. ही व्याकरणाची देणगी ओळखली, तर ‘जर-तर’ची गरज उरत नाही :

```
41
00:06:10,200 --> 00:06:13,600
त्याच संध्याकाळी मी
तुझ्या आईला सगळं सांगितलं असतं,

42
00:06:13,700 --> 00:06:15,900
पण गप्प राहा म्हणून
तूच गयावया केलीस.
```

आता प्रत्येक खंड आपापल्या पायावर उभा आहे आणि ‘आई’ आपल्या वेळी आलेली आहे. अटीचे काम ‘पण’ने केले. ‘तूच’मधील ‘च’ने मुळात केवळ स्वरातून व्यक्त होणारा आरोप शब्दांत आणला. ओळीही अर्थाच्या सांध्यावर तुटतात : ‘तुझ्या’ आणि ‘आईला’ यांची किंवा ‘सांगितलं’ आणि ‘असतं’ यांची फारकत झालेली नाही. ‘तुझ्या’ हा शब्द वगळून जागा वाचविण्याचा मोह होईल. पण मराठीत नुसते ‘आईला’ म्हटले की बोलणाऱ्याची स्वतःची आई सूचित होते, आणि या दोघांचे नातेच बदलून जाते. दुसऱ्या खंडासाठी ‘तूच हात जोडलेस’ हा पर्याय किंचित आखूडही आहे आणि मराठमोळाही. परंतु तो प्रसंग चित्रपटात आधी दाखविला गेला असेल आणि तिने हात जोडलेले नसतील, तर पडदाच त्या वाक्प्रचाराला खोटे पाडील. छापील भाषांतरात वाक्प्रचाराची कसोटी भाषा असते. इथे चित्रही असते.

याच कारणास्तव, चित्रपट न पाहता नुसत्या फाइलवरून केलेले भाषांतर अपुरे राहते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. इंग्रजीतील ‘यू’ हा ‘तू’ की ‘तुम्ही’, बोलणारी व्यक्ती ‘गेलो’ म्हणेल की ‘गेले’, हे फाइलमध्ये कुठेही लिहिलेले नसते. वरील उदाहरणात क्रियापदे ‘सगळं’ आणि ‘गयावया’ या शब्दांच्या लिंगानुसार चालल्यामुळे बोलणाऱ्याचे लिंग ठरविण्याची वेळ आली नाही. हा योगायोग आहे, आणि पुढच्याच खंडात तो संपू शकतो.

आता अक्षरसंख्येच्या अटीकडे वळू. दोन भरलेल्या ओळी वाचायला सुमारे सहा सेकंद लागतात, हा दूरचित्रवाणीच्या क्षेत्रातील जुना ठोकताळा आहे. पुढे तो आकड्यांत बांधला गेला. ओळीत जास्तीत जास्त ४२ आणि सेकंदाला सुमारे १७ चिन्हे, ही आज पुष्कळ ठिकाणी आढळणारी मर्यादा होय. आपल्या इंग्रजी ४१व्या खंडात ओळीचा बदल सोडून ५८ चिन्हे आहेत. त्यांना ३.४ने भागले की १७ येतात, म्हणजे खंड काठावर बसतो. हे आकडे रोमन लिपीच्या अनुभवावर बेतलेले आहेत. तिथे एक चिन्ह म्हणजे डोळ्याला दिसणारे एक अक्षर.

देवनागरीत तसे नाही. युनिकोडमध्ये व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना स्वतंत्र संकेतचिन्हे आहेत. ‘स्त्री’ हे डोळ्याला एकच अक्षर. संगणकाच्या लेखी मात्र ती सहा संकेतचिन्हे : स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकाराची मात्रा. ‘विद्यार्थ्यांना’ या शब्दात अक्षरे चार आणि संकेतचिन्हे पंधरा. संकेतचिन्हे मोजणाऱ्या साधनाला आपल्या मराठी ४१व्या खंडात ५० चिन्हे सापडतील. शब्दांमधील मोकळ्या जागा आणि विरामचिन्ह धरून अक्षरांनी मोजले, तर तोच खंड २९चा भरतो. पहिल्या मोजणीने वाचनाचा वेग सेकंदाला १४.७ येतो, दुसरीने ८.५. हा खंड दोन्ही मोजण्यांत मर्यादेत बसला. परंतु जोडाक्षरांनी भरलेला संवाद अक्षरांनी आटोपशीर असूनही संकेतचिन्हांच्या हिशेबात मर्यादा ओलांडतो, साधन लाल खूण दाखविते, आणि भाषांतरकार एखादा नेमका शब्द काढून टाकतो. प्रेक्षकाला तो शब्द वाचायला वेळ होता. तो गेला तो केवळ मोजणीच्या रीतीमुळे.

ओळीच्या लांबीचीही तीच गत आहे. उकार, एकार, अनुस्वार ही चिन्हे ओळीची रुंदी वाढवीत नाहीत, ती अक्षराच्या वर वा खाली बसतात. त्यामुळे ४२ संकेतचिन्हांची मराठी ओळ पडद्यावर बऱ्याचदा आखूड दिसते. उलट वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडू नयेत म्हणून दोन ओळींमध्ये अधिक अंतर लागते. रोमन लिपीसाठी बनविलेल्या मांडणीत ते नेहमी मिळतेच असे नाही.

याचा अर्थ अक्षरांची मोजणी अचूक आहे असा नव्हे. ‘क’ आणि ‘स्त्री’ यांना समान वजन देणे हेही एक सुलभीकरणच आहे. तरीही, वाचकाच्या डोळ्याला जे एकक दिसते त्याच्या ती अधिक जवळ आहे, एवढे म्हणता येते. मराठी उपशीर्षकांसाठी मर्यादा अक्षरांत सांगितली जावी आणि ती इंग्रजीचा आकडा उसना न घेता मराठी वाचकांच्या प्रत्यक्ष वाचनावरून ठरविली जावी, ही आपल्या भाषाविभागांनी हाती घेण्याजोगी गोष्ट आहे. तोवर व्यवहारात एक कसोटी उपलब्ध आहे. भाषांतर संपल्यावर, त्या चित्रपटाशी अपरिचित अशा व्यक्तीसमोर तो प्रसंग न थांबविता चालवावा. तिची नजर खंड मिटण्यापूर्वी चित्राकडे परतली, तर ओळी योग्य. ती शेवटच्या शब्दावरच अडकून राहिली, तर आकडा काहीही सांगो, खंड लांब आहे.

काट कुठे मारावी, याचाही क्रम असावा. दृश्यात दिसणारी वस्तू, पुन्हा उच्चारलेले नाव, ‘हे बघ’सारखे भरीचे शब्द आधी जावेत. नाते, नकार, आणि पुढे कथेत परत येणारा तपशील शेवटपर्यंत राहावा. ‘त्याच संध्याकाळी’ टिकवायचे की नाही, हे त्या संध्याकाळी काय घडले ते ज्याला ठाऊक आहे तोच ठरवू शकतो. म्हणजे दोन सेकंदांच्या खंडातील एका शब्दाचा निर्णय घेण्यासाठी संपूर्ण संहिता वाचलेली असावी लागते. या कामाला तांत्रिक म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट ध्यानात घेतली, तरी पुरे आहे.