मावशीचे डाग कोणी पुसले?

भाचीच्या साखरपुड्याचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर आले आणि ‘वा, काय मस्त!’ची रांग लागली. तासाभराने आमच्या मावशीचा मेसेज आला, “चौथ्या फोटोत माझी साडी नेसलेली बाई कोण आहे?”

मावशीला तिशीपासून कोड आहे. हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर पांढरे डाग. सुरुवातीला ती लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवायची. मग एके दिवशी तिने ते सगळे भांडेवालीला देऊन टाकले. हा प्रवास तिने एकटीने केला, आणि फोटोवाल्याच्या पोराने तो रातोरात पुसून टाकला. हनुवटी एका रंगाची, हात लोण्यासारखे. गंमत म्हणजे हॉलमध्ये मागे मोठा आरसा होता. आरशातल्या मावशीचे डाग जिथल्या तिथे! तिकडे लक्ष द्यायला पोरगा विसरला होता.

फोटोवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, सगळ्या फोटोंना एकच सेटिंग लागतं, आपोआप होतं.” ही अर्धीच गोष्ट खरी. त्वचा गुळगुळीत करणारं सेटिंग सरसकट लागतं, कबूल; पण त्याने पुळ्या आणि सुरकुत्या बुजतात, तळहाताएवढा डाग जात नाही. तो घालवायला शेजारची त्वचा उचलून त्यावर बसवावी लागते, ती हाताने. चौथा फोटो मोठा करून पाहिला, तर बोटावरची मेंदी मध्येच तुटली होती आणि एका बांगडीची कड मनगटात विरघळली होती. म्हणजे कोणीतरी बसून हे केलं होतं. खोदून विचारल्यावर म्हणाला, “चांगल्यासाठीच केलं हो. कोणी तक्रार करत नाही.”

तक्रार करणारे मोठे लोकही आहेत. 2017 मध्ये ‘ग्राझिया’च्या ब्रिटिश आवृत्तीच्या मुखपृष्ठावर अभिनेत्री लुपिता न्योंगोचे मागे बांधलेले कुरळे केस गायब झाले. तिने दोन्ही फोटो शेजारीशेजारी टाकून जाहीर नाराजी व्यक्त केली आणि छायाचित्रकाराला माफी मागावी लागली. नॉर्वेत तर जुलै 2022 पासून जाहिरातीत कोणाचं शरीर किंवा त्वचा बदलली असेल, तर तसं छापावं लागतं. पण आपल्या साखरपुड्याला नॉर्वेचा कायदा कुठून येणार?

मी फोटोवाल्याला म्हटलं, तुमच्याच धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. दोन आठवड्यांत आपोआप जाईल ते काढा: पुळी, गालावर सांडलेलं कुंकू, डासाचा चावा. राहणार आहे ते राहू द्या: तीळ, व्रण, रंग, पोटाचा घेर. त्यातलं काही काढायचंच असेल, तर त्या माणसाला विचारा. वधूपित्याला नाही, पैसे त्याने दिले असले तरी चेहरा त्याचा नाही.

आणि विचारायचं कसं, तेही महत्त्वाचं. “थोडं नीट करू का?” याला नाही म्हणायची कोणाची छाती आहे? “चष्म्यावरची चमक काढतो, बाकी हात लावत नाही, अल्बमसाठी. चालेल?” असं विचारलं की काय आणि कुठे, दोन्ही कळतं. अल्बमला दिलेला होकार चौकातल्या फ्लेक्सला लागू होत नाही. बदललेला फोटो आधी त्या माणसाला एकट्याला पाठवायचा, मग ग्रुपवर. ग्रुपवर पडल्यावर विचारण्यात अर्थ नाही. तोवर कोणीतरी तो स्टेटसला लावलेला असतो. मूळ फोटो मात्र ठेवायचाच.

बरं, ज्यांना विचारताच येत नाही त्यांचं काय? आमच्या आजोबांनी जन्मभर धोतर आणि बंडी घातली. ते गेल्यावर घरात सुटा फोटो निघेना, म्हणून लग्नातल्या घोळक्यातून त्यांचं डोकं कापून स्टुडिओवाल्याने खाली कोट आणि टाय बसवला. हाच कोट गावात आणखी चार भिंतींवर होता. शेजारच्या तात्यांच्या अंगावर, शाळेच्या हेडमास्तरांच्या अंगावर. हार घालताना आजी दरवर्षी म्हणायची, “यांना गळ्याशी आवळलेलं सोसत नसे.” ते सोसत होतं की नाही, हे स्टुडिओवाल्याने तिला विचारलं नव्हतं. माझ्या काकांनीही नाही.

फोटोवाल्याने मूळ फोटो पाठवले आणि मावशीने त्यातला एक लावला. आता माझं. भिंतीवर लावायचा माझा फोटो मी निवडून ठेवला आहे. चष्म्यावरची चमक काढायला माझी हरकत नाही. सुरकुत्या, कपाळावरचा टाक्यांचा व्रण आणि पुढचा किंचित वाकडा दात यांना कोणी हात लावायचा नाही. सूनबाई, हे कात्रण फोटोच्या मागे चिकटवून ठेव.