घोषणा भिंतीवर नको, नळावर हवी

शाळेच्या भिंतीवर 'हात धुवा, रोग पळवा' असे रंगवलेले असते. मुले ते रोज वाचतात आणि खिचडीची घंटा झाली की बोटे ओली करून ताटावर बसतात. पोरांचा दोष नाही. हात धुवायचे कसे आणि किती वेळ, हे ती घोषणा सांगतच नाही. नुसत्या पाण्याने तेलकट मळ सुटत नाही. साबण लावून सुमारे वीस सेकंद चोळले तरच तो आणि त्याला चिकटलेले जंतू सुटतात.

लहान मुलाला वीस सेकंद मोजता येत नाहीत, पण गाणे पुरे करता येते. म्हणून घोषणेतच धुण्याची कृती हवी. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी अशी:

हात भिजवू, साबण लावू,
नळ बंद करून ठेवू!

तळव्याला तळवा, घासू घासू!
हाताची पाठ, घासू घासू!
बोटांच्या फटी, घासू घासू!
दोन्ही अंगठे, घासू घासू!
नखांची टोके, घासू घासू!
मनगट गोल, घासू घासू!

नळ सोडू, फेस धुऊ,
हात वाळवून जेवू!

एका मुलाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तीच ओळ हात चोळत पुन्हा म्हणायची. मधल्या सहा ओळी अशा दोनदा म्हटल्या की वीस सेकंद सहज भरतात. तेवढा वेळ नळ बंद राहतो, म्हणून पाणीही वाचते. आपल्या वस्तीत पाणी मोजकेच येते, तिथे ही ओळ गाळू नये.

मुले घाईत अंगठे आणि नखे हमखास सोडतात. जंतांची अंडी नखांखालीच बसतात आणि तिथून घासाबरोबर पोटात जातात. नखांच्या ओळीला बोटांची टोके दुसऱ्या तळव्यावर घासली जातात का, ते बाईंनी पाहावे. नखे वाढलेली असतील तर आधी कापावीत. घोषणा ते काम करणार नाही.

नळ नसेल तर एकाने मग्याने पाणी ओतावे. एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुचकळले तर एकाची घाण सगळ्यांच्या हाताला लागते.

ही घोषणा परिपाठात उभे राहून म्हणण्याची नाही. ती जेवणाआधी नळावर म्हणायची. संडासहून आल्यावरही याच सहा ओळी, शेवटचे 'जेवू' तेवढे सोडून.

आणि साबण? तो नसेल तर हे नुसतेच गाणे. वडी हरवते किंवा घसरून मोरीत पडते, म्हणून ती जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पालकांनो, पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारा: नळावर साबण आहे का?