एक किलोमीटरची अट

१/ महाराष्ट्राने २००५ मध्ये डान्स बारवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. २०१६ च्या नव्या कायद्यानंतर परवाना मिळू शकत होता. पण बार धार्मिक स्थळ व शिक्षणसंस्थेपासून एक किलोमीटर दूर हवा होता.

२/ एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ तीन चौरस किलोमीटरहून मोठे असते. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कसारख्या वस्तीत त्यात शाळा वा मंदिर नसणे जवळजवळ अशक्यच.

३/ जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने ही अट अवाजवी ठरवून रद्द केली. रात्री साडेअकराची मर्यादा आणि नोटा उधळण्यावरील मनाई मात्र राखली.

४/ प्रमाणशीरतेची कसोटी हीच: हेतू योग्य असला, तरी निर्बंध त्याच्या मापाचा हवा. पाळताच न येणारी अट म्हणजे परवान्याच्या वेषातील बंदीच होय.