चिमणीच्या डब्यावरचा आकडा

दसरा जवळ आला की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक प्रश्न हमखास येतो: 'नवीन चिमणी घ्यायचीय, किती सक्शनची घेऊ?' पाठोपाठ उत्तरांची रांग लागते. कोणी बाराशे सांगतं, कोणी चौदाशे, आणि एखादे काका 'आमची आठशेची पंधरा वर्षं चालतेय' म्हणून मोकळे होतात. तिन्ही उत्तरं खरी असू शकतात, कारण प्रश्नच अपुरा आहे. डब्यावर छापलेला आकडा कारखान्यात मोजलेला असतो. तुमच्या कढईवर त्यातला किती पोचतो, ते तुमच्या भिंतीवर आणि पाइपावर ठरतं.

आपल्या घरचा स्वयंपाक कसा आहे, हे आधी कबूल करू या. वरणाला फोडणी, रविवारी भजी, पाहुणे आले की पुऱ्या, आणि दिवाळीत चार दिवस चकल्या, शंकरपाळे, शेव. भोपाळात राहून कचोरी आणि मूगभजीही आपल्या झाल्याच आहेत. तळणाच्या धुरात वाफेबरोबर तेलाचे अतिबारीक थेंब असतात. ते ओट्यावरच्या कपाटांना, पंख्याला, ट्यूबलाइटला चिकटतात. हवा आणि उष्णता लागून हळूहळू घट्ट होतात आणि त्यांचा तो पिवळा चिकट थर बनतो, जो साबणालाही दाद देत नाही. हे थेंब भिंतीवर बसायच्या आत उचलायचे, एवढंच चिमणीचं काम आहे.

आता हिशेब. गेल्या वर्षी अरेरा कॉलोनीत ई-चार सेक्टरमध्ये माझ्या आत्याकडे चिमणी बसवली, तेव्हा टेप घेऊन मीच मोजमाप केलं होतं. स्वयंपाकघर साधारण 3 मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद, आणि जुन्या बंगल्याला शोभेल असं 3 मीटर उंच. म्हणजे जवळपास 25 घनमीटर हवा. तळण जास्त असेल तर खोलीतली हवा तासाला पंधरा ते वीस वेळा बदलली जावी, असा ढोबळ नियम धरतात. वीसने गुणलं तर तासाला 500 घनमीटर. मग दुकानदार 1200 ची का दाखवतो? तो फसवतो असं नाही. डब्यावरचा आकडा हवेला फारसा अडथळा नसताना, सगळ्यात वरच्या स्पीडवर मिळणारा असतो. पुढे फिल्टर, पाइप, वळणं आणि बाहेरची झडप आली की तो उतरतो. अंदाजासाठी निम्मा धरावा. 1200 चे 600 उरले, तर आत्याचं काम मधल्या स्पीडवर भागतं आणि वरचा स्पीड दिवाळीसाठी राखीव राहतो. 1000 ची घेतली असती तरी चाललं असतं, पण मग रोज वरच्या स्पीडवर, म्हणजे रोज मोठा आवाज. आवाज त्रासदायक झाला की घरातली माणसं चिमणी बंदच ठेवतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पण सगळ्यात मोठा फरक पाइपाने पडतो. आत्याकडे भिंतीत आधीचं एक चार इंची भोक होतं. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, 'आंटी, रिड्यूसर लगा देता हूँ, चल जाएगा।' चाललं असतं, पण कसं? चिमणीचं तोंड सहा इंची होतं. चार इंची पाइपाचा आडवा छेद सहा इंचीच्या निम्म्याहूनही कमी भरतो. तेवढीच हवा त्यातून न्यायची तर वेग सव्वादोन पट हवा, आणि वेग वाढला की अडथळा त्याहून कितीतरी जास्त वाढतो. मोटर ओरडते आणि धूर ओट्यावरच रेंगाळतो. 1200 चे पैसे देऊन 400 सुद्धा मिळत नाहीत. आत्याच्या सुनेने ठामपणे नवं सहा इंची भोक पाडून घेतलं. नऊ इंची विटांची भिंत असल्यामुळे अर्धा दिवस धूळ झाली, पण पाइप सव्वा मीटरचा आणि वळण एकच राहिलं. नालीदार लवचीक पाइप वापरलाच तर तो पूर्ण ताणून बसवावा, कारण त्याच्या सुरकुत्यांतही हवा अडते आणि तेलही साचतं. बाहेरच्या तोंडाला आपोआप मिटणारी झडप हवी, नाहीतर मे महिन्यातली धूळ आणि आवारातल्या झाडांवरच्या खऱ्या चिमण्या, दोन्ही आत येतील. तिथे बारीक जाळी मात्र लावू नये, ती तेलाने बुजते.

जुन्या बंगल्यांत आणखी एक गंमत असते: भिंतीत वर एक्झॉस्ट पंख्याचं गोल भोक. चिमणीचं बाहेरचं तोंड त्याच्या शेजारीच असेल, तर बाहेर टाकलेला धूर त्या भोकातून परत आत येतो. आत्याकडे पंखा काढून ते भोक बंद केलं. त्याच वेळी हवा आत यायला कुठूनतरी वाट लागतेच. सगळी दारं-खिडक्या बंद करून चिमणी ओढणार काय? ओट्यापासून लांबची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवावं. ओट्याला लागूनची खिडकी उघडली तर वाऱ्याने धूर आडवा पळतो.

रुंदी आणि उंचीचंही तसंच. आत्याची शेगडी तीन बर्नरची, 70 सेंटिमीटर रुंद. तळणाची मोठी कढई नेहमी कडेच्या बर्नरवर असते. 60 सेंटिमीटरची चिमणी घेतली असती, तर अर्धी कढई तिच्या छत्राबाहेर राहिली असती. म्हणून 90 ची घेतली. उंची शेगडीपासून साधारण 65 ते 75 सेंटिमीटर, पण अंतिम आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलाच पाळायचा. फार खाली घेतली तर पेटत्या तेलाचा धोका, फार वर घेतली तर धूर वाटेतच पसरतो.

आता फिल्टर. बाजारात मुख्य तीन प्रकार दिसतील. पहिला अॅल्युमिनियमच्या जाळ्यांचा. ओढ सुरुवातीला छान असते, पण तळण जास्त असेल तर आठ-दहा दिवसांत जाळी तेलाने भरते आणि वर हिशेब केलेली सगळी हवा तिथेच अडकते. ती कॉस्टिक सोड्यात बुडवू नये, अॅल्युमिनियम त्यात काळं पडतं आणि झिजतं. दुसरा बॅफल फिल्टर, स्टीलच्या वळणदार पट्ट्यांचा. यात हवा झटकन वळते, तेलाच्या जड थेंबांना ते वळण घेता येत नाही, ते पट्टीवर आपटतात आणि खाली ओघळतात. हा सहसा बुजत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुता येतो. तिसरा प्रकार फिल्टर नसलेल्या चिमणीचा. तिच्यात पंख्याच्या गिरकीने तेल बाजूला फेकलं जातं आणि वाटीत जमतं. धुवायला काहीच नाही, म्हणून सुना-मुलांना ती आवडते. पण तेल थेट पंख्यापर्यंत जातं, आणि पंखा साफ करणं हे घरच्या माणसाचं काम नाही.

इथेच 'ऑटो क्लीन' चा गैरसमज होतो. बटण दाबलं की आतली तार तापते, ताजं तेल पातळ होऊन वाटीत उतरतं. नियमित केलं तर उपयोग होतोच. पण सहा महिन्यांचं घट्ट झालेलं तेल त्याने वितळत नाही. आत्यासाठी आम्ही बॅफल निवडला, कारण रोज तळण होतं आणि धुणारी माणसं घरात आहेत. दोघंही नोकरीला जाणारे असाल, तळण आठवड्यातून एकदाच असेल, तर फिल्टर नसलेली चालेल. मात्र वर्षातून एकदा कारागिराकडून पंखा उघडून साफ करून घ्यायची तयारी ठेवा. पाइप नसलेली, कोळशाच्या फिल्टरवर तीच हवा खोलीत परत सोडणारी चिमणी आपल्या स्वयंपाकासाठी नकोच. ती वाफ आणि उष्णता बाहेर टाकत नाही, आणि तळणात तिचा कोळसा लवकर निकामी होतो.

राहिला ब्रँड. नाव इटालियन असलं तरी कारखाना आपल्याकडे असू शकतो. एलिकाच्या चिमण्या पुणे जिल्ह्यात बनतात, आणि 2021 मध्ये त्या भारतीय कंपनीचा मोठा हिस्सा व्हर्लपूल ऑफ इंडियाने घेतला. सनफ्लेम 2023 मध्ये व्ही-गार्डकडे गेली. मालक बदलला की सेवेची व्यवस्थाही बदलू शकते, म्हणून शेजाऱ्याचा दहा वर्षांपूर्वीचा अनुभव आज जसाच्या तसा लागू होईल असं नाही. त्यापेक्षा विकत घ्यायच्या आधी कंपनीच्या क्रमांकावर एक फोन करा. आपला 462016 पिनकोड सांगा आणि विचारा: कारागीर भोपाळातला आहे की इंदूरहून येतो? भेटीचे किती घेता? पंखा उघडून साफ करायचे किती? मोटर आणि सर्किट या दोन्हींची हमी किती वर्षांची, आणि तेल साचून बिघडलं तर ती लागू होते का? मोटरची हमी मोठ्या अक्षरांत छापलेली असते, पण विजेच्या चढउतारात आधी जातं ते टच पॅनेलचं सर्किट. म्हणून आत्याने साधी दाबायची बटणं असलेलं मॉडेल घेतलं. आणि सेवेचा क्रमांक हमीपत्रावरचाच वापरा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर पैसे घेऊन पसार होणारेही असतात.

चिमणी बसवून झाली की कारागीर जायच्या आत एक उदबत्ती लावा. मधला स्पीड ठेवून ती शेगडीच्या चारही कोपऱ्यांवर, कढईच्या काठाइतक्या उंचीवर धरा. धूर सरळ वर ओढला गेला तर काम नीट झालं. एखाद्या कोपऱ्यात तो बाहेर वळत असेल, तर उंची किंवा पाइप तेव्हाच तपासून घ्या. हीच उदबत्ती दर तीन महिन्यांनी धरून पाहा. धूर रेंगाळायला लागला की आधी फिल्टर धुवा, आणि तरीही फरक नाही पडला तर पंखा साफ करायला माणूस बोलवा. तो नवरात्रातच बोलवून ठेवा, दिवाळीच्या आठवड्यात कोणी मिळत नाही.