टीव्हीवरचा पेपर

सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पेपर बंद झाला. सकाळचा चहा आणि पेपर हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. मोबाइलवरची अक्षरं मुंगीएवढी दिसतात म्हणाल्या. मग माझ्याच डोक्यात आलं, भिंतीवर एवढा मोठा टीव्ही आहे, आणि तोही ‘स्मार्ट’! त्यावरच पेपर वाचला तर?

टीव्हीत ब्राउझर असतो, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत असतं? काही टीव्हींत त्याचं नाव Internet असतं, काहींत Web Browser. गूगल टीव्ही असेल तर बहुतेक वेळा तो आतून आलेलाच नसतो, वेगळा घ्यावा लागतो. आमच्यात होता. पण वेबसाइटचा पत्ता रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर शोधत टाकायचा म्हणजे तांदूळ निवडण्यासारखंच काम. मराठीत शोधावं म्हटलं तर टीव्हीच्या कीबोर्डवर मराठी अक्षरंच नाहीत. शेवटी लेकाने कॉम्प्युटरचा जुना माउस टीव्हीच्या यूएसबीत खोचला आणि काम हलकं झालं. पान एकदा उघडलं की बुकमार्क करून ठेवायचं, म्हणजे रोज टायपिंग नको. झूम दीडशे टक्क्यांवर नेलं आणि विचारलं, “आई, दिसतंय का?”

“अगं, चष्म्याशिवाय दिसतंय!” त्या दिवशी त्यांनी अग्रलेखसुद्धा सोडला नाही.

हे सुख दोन आठवडे टिकलं. मग त्यांच्या आवडीच्या एका बातमीच्या साइटचं पान कोरं पांढरं यायला लागलं. दुसरी साइट म्हणे, कनेक्शन सुरक्षित नाही. मी वायफाय बंद-चालू केलं, टीव्हीचा प्लग काढून लावला. टीव्हीची तारीख चुकली असेल तरीही असा इशारा येतो, म्हणून तीही पाहिली. बरोबर होती. त्याच वायफायवर माझ्या मोबाइलमध्ये मात्र दोन्ही साइट झटकन उघडत होत्या. म्हणजे दोष ना साइटचा, ना इंटरनेटचा. दोष टीव्हीचा.

गोम अशी आहे. मोबाइलमधला ब्राउझर दर काही आठवड्यांनी नवा होतो. टीव्हीतला बहुधा टीव्ही तयार झाला तेव्हाचाच राहतो. आमचा टीव्ही २०१८ सालचा. त्या साली विकल्या गेलेल्या कित्येक टीव्हींत ब्राउझरचं इंजिन २०१६-१७ मधलं होतं. इकडे बातम्यांच्या साइट नव्या पद्धतीने लिहिल्या जातात. जुन्या इंजिनाला ती भाषा कळत नाही आणि ते कोरं पान दाखवून मोकळं होतं. सुरक्षिततेचंही तसंच. साइट खरी आहे हे ओळखायला प्रत्येक यंत्रात प्रमाणपत्रांची यादी भरलेली असते आणि त्या प्रमाणपत्रांना मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक फार वापरातलं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभरातल्या जुन्या उपकरणांवर चांगल्या-चांगल्या साइट अडल्या. सेटिंगमध्ये जाऊन मी सॉफ्टवेअर अपडेटही केलं. ते झालंही, पण ब्राउझर होता तिथेच.

मला राग येतो तो इथे. पंख्यासारखा दहा वर्षं चालेल म्हणून आपण टीव्ही घेतो, हप्ते भरतो. पडदा अजून लख्ख आहे, पण त्यातली ‘स्मार्ट’गिरी पाचव्या-सहाव्या वर्षीच म्हातारी होते, आणि दुकानदार हे सांगत नाही. अलीकडे काही कंपन्या नव्या मॉडेलांना काही वर्षं नवी आवृत्ती द्यायचं कबूल करतात. मग टीव्ही घेताना इंचांबरोबर हेही विचारा की, सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार?

ज्या साइट उघडतात त्यांचीही रड असतेच. टीव्हीला मेमरी तुटपुंजी. जाहिरातींनी भरलेलं पान अर्ध्यावर येतं आणि अडकतं, किंवा आपोआप पहिल्यापासून उघडतं. जाहिरात बंद करायची फुली एवढीशी, की रिमोटने तिच्यावर बाण नेईपर्यंत आमच्या आईंचा चहा निवतो. आणि एक सांगते, असल्या जुन्या ब्राउझरवर पासवर्ड टाकू नका, बँकेचं काम तर मुळीच नको. बातमी वाचा आणि उठा.

आमच्याकडे आता असं चालतं. मी माझ्या मोबाइलवर बातमी उघडते, फोन आडवा धरते आणि त्याचा पडदा टीव्हीवर दाखवते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये त्याला Cast किंवा Smart View म्हणतात. पान उघडायचं काम फोन करतो, टीव्ही नुसता आरसा. अडचण एकच. मधेच माहेरचा फोन आला की तोही भिंतीवर दिसतो आणि सासूबाई म्हणतात, “घे गं, आईचा आहे. बातमी थांबेल.”