विलायतेतील मित्रास पत्र

परीक्षेचे दिवस जवळ आले की मुले सरावाच्या वह्या घेऊन आमच्या ओसरीवर येतात. गेल्या आठवड्यात दहावीच्या एका मुलाने मराठीच्या पत्रलेखनाचा प्रश्न सोडवून आणला. ‘लंडन येथे शिकत असलेल्या मित्रास तुझ्या परीक्षेच्या तयारीविषयी पत्र लिही’, असा तो प्रश्न.

अक्षर सुरेख होते. पण पत्र मायन्यातच अडखळले. मित्रास त्याने ‘तीर्थरूप’ करून खाली ‘साष्टांग नमस्कार’ घातला होता. तो मान आईवडिलांचा. बरोबरीच्या मित्रास ‘प्रिय’ आणि ‘सप्रेम नमस्कार’ एवढे पुरे. शेवटी ‘आपला विश्वासू’ होते, ते तर कचेरीतल्या अर्जाचे! तेथे ‘तुझा मित्र’ हवे. त्याखाली त्याने स्वतःचे खरे नाव व शाळाही लिहिली होती. उत्तरपत्रिकेत आपली ओळख उघड करावयाची नसते. प्रश्नात नाव दिले असेल तर ते, नसेल तर ‘अ. ब. क.’ लिहावे.

मोठा दोष मात्र पुढेच होता. चौदा ओळी त्याने अभ्यासाच्या महत्त्वावर खर्च केल्या होत्या. म्हणजे निबंधच, वर मायना चिकटविलेला. आम्ही विचारले, “बाळ, हे वाचून तुझ्या मित्रास तुझ्याविषयी काय कळेल?” तो गप्प राहिला.

मित्र परदेशी आहे, हे शब्द प्रश्नात उगीच घातलेले नसतात. विलायतेत सोळा वर्षांच्या मुलांची मोठी परीक्षा मे-जून महिन्यांत होते. आपली त्याआधीच उरकते, हे त्यास सांगावयास हवे. हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मुलगा पुन्हा लिहावयास बसला, तेव्हा त्याने असे लिहिले:

“मी पहाटे पाचला उठतो, तेव्हा तुझ्याकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. तू झोपतोस आणि मी वही उघडतो. इतिहास दोनदा वाचून झाला. मराठीची भीती नाही. भूमितीची प्रमेये पाठ होतात. पण आकृती फिरवून दिली की हात थांबतो. तुझी परीक्षा माझ्यानंतर आहे. तू गणित कसे करतोस, ते कळव.”

हे पत्र झाले. प्रत्येक वाक्य त्या एका मित्रासाठी होते, आणि उत्तर मागणारेही होते.

मुलास न्यावयास आलेली त्याची आई दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “अरे, भूमिती अडते हे घरी कधी बोलला नाहीस!”

“घरी कोणी विचारले नाही,” तो म्हणाला.

सोमवारपासून तो शेजारच्या वाड्यातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे रोज संध्याकाळी तासभर आकृत्या काढावयास जातो.